पूर्वेकडील प्लॉट : एक की दोन?

कुपवाडमधील एखाद्या व्यापारी कुटुंबाची कल्पना करावी. आजोबांनी आयुष्यभर दुकान सांभाळले, त्यातून थोडी जागा घेतली आणि उतारवयात एका वहीच्या पानावर वाटणीची टिपणी लिहून ठेवली. घरात मुलगे तीन. टिपणी तीनच ओळींची :

पूर्वेकडील प्लॉट थोरल्यास.
पश्चिमेकडील प्लॉट मधल्यास.
जुनी दुकान धाकट्यास.

अक्षर स्वच्छ, शाई काळी, खाली तारीख आणि सही. आजोबांच्या पश्चात वही उघडली गेली आणि तिघेही भाऊ पानाकडे पाहत राहिले. पूर्वेच्या बाजूस एकमेकांना लागून दोन प्लॉट होते, वेगवेगळ्या वर्षी घेतलेले. पश्चिमेस एकच. जुन्या दुकानांची जोडी होती आणि नवे दुकान एक. थोरल्याला पूर्वेचे दोन्ही प्लॉट द्यायचे होते की एकच? धाकट्याला एक जुने दुकान की दोन्ही? आजोबांच्या मनात उत्तर स्पष्ट असणार. नाहीतर त्यांनी इतक्या ठाम हाताने लिहिले नसते. पण ते कागदावर उतरले नाही. तीन ओळींत चूक म्हणावी असा शब्द फार तर एक. तरीही तीनपैकी दोन ओळींतून संख्या निसटली आहे. ती कुठून निसटली, हे पाहू लागले की मराठी विशेषणाचे काम ध्यानात येते.

प्रथम नामाकडे पाहावे. शाळेत वचनबदल शिकवताना आंबा-आंबे, घोडा-घोडे अशा जोड्या दिल्या जातात, त्यामुळे सर्व पुल्लिंगी नामे अनेकवचनात बदलतात असा समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. पुल्लिंगी नाम ‘आ’ने संपत असेल तरच ते सामान्यतः ‘ए’कारान्त होते : रुपया-रुपये, डबा-डबे, गाळा-गाळे. अन्य कोणत्याही अक्षराने संपणारे पुल्लिंगी नाम विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी अनेकवचनात जसेच्या तसे राहते. एक रुमाल, दहा रुमाल. एक कागद, शंभर कागद. एक लाडू, डबाभर लाडू. एक चेक, पाच चेक. इंग्रजीतून आलेली पुल्लिंगी नामे बहुतेक याच गटात पडतात. कारखान्यातील पंप, बोल्ट, ट्रक आणि आपल्या टिपणीतला प्लॉट हे सारे तसेच. ‘आ’काराने संपणारी संस्कृतमधून आलेली स्त्रीलिंगी नामेही अशीच मुकी : एक शाखा, बारा शाखा, एक सभा, चार सभा, एक भाषा, अनेक भाषा.

अशा नामाला स्वतःची संख्या सांगता येत नाही. तेथे विशेषण पुढे येते. ‘मोकळा प्लॉट’ म्हटले की एक. ‘मोकळे प्लॉट’ म्हटले की एकाहून अधिक. नाम तेच, बदल फक्त विशेषणात. ‘नवी शाखा उघडली’ आणि ‘नव्या शाखा उघडल्या’ यांतील फरकही आधी विशेषणाने सांगितला, नंतर क्रियापदाने दुजोरा दिला. मराठीत विशेषण नामाचे लिंग-वचन घेते, हा नियम पाठ करताना ते एक ओझे वाटते. एकाच शब्दाची इतकी रूपे कशाला, असा प्रश्न मुले विचारतात. त्याचे उत्तर या मुक्या नामांत आहे. नामाने जे सांगितले नाही, ते विशेषण सांगते.

ही रूपे किती, ते पेढीवरच्याच तीन वस्तूंवर मोजून पाहता येईल. रुपया पुल्लिंगी, नोट स्त्रीलिंगी, नाणे नपुंसकलिंगी. त्यांना ‘जुना’ हे एकच विशेषण लावावे. एकवचनात जुना रुपया, जुनी नोट, जुने नाणे. अनेकवचनात जुने रुपये, जुन्या नोटा, जुनी नाणी. जागा सहा झाल्या, पण रूपे चारच : जुना, जुनी, जुने, जुन्या. याचा अर्थ दोन रूपे दुहेरी काम करतात. ‘जुने’ हे नपुंसकलिंगी एकवचनाचे आहे आणि पुल्लिंगी अनेकवचनाचेही. ‘जुनी’ हे स्त्रीलिंगी एकवचनाचे आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचेही. नाम सोबत असेल तर घोटाळा होत नाही, कारण नाणे-नाणी आणि नोट-नोटा असा फरक नामच दाखवते. पण हिशेबाच्या वहीत नाम गाळण्याची सवय असते. ‘जुनी वेगळी ठेवली’ एवढेच वाक्य आढळले, तर ती एक नोट होती की नाण्यांची पिशवी, हे त्या वाक्यावरून कळणार नाही.

ही दुहेरी कामाची अडचण बरीचशी लेखनातली आहे, आणि तीही अलीकडची. घरात बोलताना कोणी ‘जुने नाणे’ म्हणत नाही. ‘जुनं नाणं’ म्हणतो. ‘जुने रुपये’ मात्र ‘जुने’च राहतात. म्हणजे कानाला दोन वेगळे शब्द ऐकू येतात आणि कागदावर त्यांचा एक होतो. पूर्वीच्या लेखनात कागदावरही भेद होता. ‘जुनें नाणें’ असे वर टिंब देऊन लिहीत, तर ‘जुने रुपये’ बिनटिंबाचे. तसेच ‘जुनी नोट’ बिनटिंबाची आणि ‘जुनीं नाणीं’ टिंबाची. त्या एका टिंबाने सहाही जागा वेगळ्या ओळखू येत. ‘जुनी’वर टिंब असले तर नाण्यांविषयी बोलणे चालले आहे हे नाम न वाचताही समजे. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले, तेव्हा ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार लेखनातून गेले. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले, मुलांचे गुण वाचले, हे खरे. पण ‘जुनीं’ आणि ‘जुनी’ यांतील हिशेबी फरकही त्याच झाडणीत गेला. ज्यांच्या घरी बालबोध लिपीतील जुनी खरेदीखते किंवा छापील पत्रके असतील, त्यांनी ती वाचताना शेवटच्या अक्षरावरचे टिंब धूळ समजून सोडू नये. ते अनेकवचन असू शकते. मोडीतील वह्यांत मात्र अशी काटेकोरता शोधण्यात अर्थ नाही. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचाही भेद पाळला जात नसे.

आता टिपणीतील तिसरी ओळ : ‘जुनी दुकान धाकट्यास.’ मराठीत दुकान नपुंसकलिंगी आहे. एक असेल तर ‘जुने दुकान’, दोन असतील तर ‘जुनी दुकाने’. आजोबांनी लिहिलेले ‘जुनी दुकान’ यांपैकी कशातच बसत नाही. विशेषण पाहिले तर ते अनेकवचनी वाटते, नाम पाहिले तर एकवचनी. धाकटा म्हणेल की ‘जुनी’ लिहिले आहे, तेव्हा दुकाने दोन. ‘ने’ घाईत राहिला. मधला म्हणेल की ‘दुकान’ लिहिले आहे, तेव्हा एकच.

येथे आजोबांच्या घरच्या भाषेकडे पाहावे लागते. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात अनेक व्यापारी घरांत देवघरात एक भाषा, गल्ल्यावर दुसरी आणि कागदावर तिसरी असते. कोणाच्या घरी गुजराती, कोणाच्या घरी मारवाडी, कोणाच्या आजीच्या तोंडी कानडी. गुजरातीत आणि हिंदीत दुकान स्त्रीलिंगी आहे. ‘नवी दुकान’ हे गुजरातीत निर्दोष आहे आणि ‘नयी दुकान’ हिंदीत. तेव्हा ज्यांची घरची भाषा गुजराती, त्यांच्या हातून ‘जुनी दुकान’ उतरले तर त्यांनी बहुधा एकच दुकान मनात धरले असणार. फक्त दुकानाचे लिंग घरून आणले. हेच वाक्य ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलली जाते अशा माणसाने लिहिले असते, तर अंदाज उलट बाजूला झुकला असता, कारण त्याच्या हातून दुकानाचे लिंग चुकणे अवघड आणि ‘ने’ गळणे सोपे. एकच चूक, पण ती कोणी केली यावर तिचा अर्थ अवलंबून.

नोटेचेही असेच. हिंदीत नोट पुल्लिंगी आहे, म्हणून ‘पुराना नोट’. हिंदीच्या सवयीने बोलणारा गिऱ्हाईक मराठीत ‘जुना नोट चालेल का’ असे विचारतो. ऐकणाऱ्याला हसू येते, पण त्यात निष्काळजीपणा नाही. त्याने विशेषण नामाशी बरोबर जुळवले आहे, केवळ नामाचे लिंग दुसऱ्या भाषेतले घेतले आहे.

याहून अधिक ठिकाणी दिसणारी चूक स्त्रीलिंगी अनेकवचनाची आहे, आणि ती दुकानांच्या पाट्यांवर, सेलच्या फलकांवर सर्रास आढळते : ‘नवी साड्या’, ‘चांगली वस्तू मिळतील’. हिंदीत ‘नयी साड़ी’ आणि ‘नयी साड़ियाँ’. विशेषण दोन्हीकडे एकच. गुजरातीतही ‘नवी साडी’ आणि ‘नवी साडीओ’. स्त्रीलिंगात त्या भाषांनी संख्या दाखवण्याचे काम नामावर सोपवले आहे आणि विशेषणाला मोकळीक दिली आहे. मराठी ही मोकळीक देत नाही. साडी एक असेल तर नवी, दोन झाल्या की नव्या. घरच्या भाषेत जो बदल नाही तो मराठीत करण्याचे लक्षात राहत नाही, आणि म्हणून चूक नेमकी याच जागी होते; ‘नवा शर्ट’, ‘नवे शर्ट’ यांत ती फारशी होत नाही, कारण तेथे हिंदीतही ‘नया-नये’ असा बदल आहेच. मुलाला मराठी शिकवताना सहाही रूपांचा तक्ता घोकून घेण्यापेक्षा ही एक जागा पक्की करून घेतली तर निम्मे काम होते.

कानडी घरातून आलेल्या मुलाची अडचण वेगळ्या जातीची. कानडीत ‘दोड्ड’ म्हणजे मोठा. घर असो, मुलगा असो, मुलगी असो, ‘दोड्ड’ बदलत नाही. या मुलाला कोणते रूप लावायचे हे नंतर. विशेषण लावण्यापूर्वी नामाकडे वळून पाहायचे असते, ही सवयच त्याला नव्याने लावून घ्यावी लागते. मराठीने ज्यांना ही मेहनत सांगितली नाही अशी विशेषणे मात्र त्याला पहिल्या दिवसापासून जमतात. लाल घर, लाल मुलगा म्हटले नाही तरी लाल सदरा, लाल साडी, लाल फूल. काही बदलायचे नाही.

आता या न बदलणाऱ्या विशेषणांकडे यावे, कारण आजोबांच्या पहिल्या ओळीचे कोडे त्यांच्यात आहे. व्याकरणात विकारी आणि अविकारी असे दोन वर्ग केले जातात. ‘आ’काराने संपणारी विशेषणे विकारी : जुना, मोठा, पांढरा, कच्चा, खोटा. इतर अक्षरांनी संपणारी अविकारी : लाल, गोड, कडू, जाड, महाग, स्वस्त, सुंदर, हुशार, स्वच्छ, शुद्ध. बाजारात ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ सोबतच फिरतात आणि दोघेही लिंग-वचनाची पर्वा करत नाहीत : महाग गूळ, महाग साखर, महाग तूप. भाषा नीट न येणाऱ्यालाही तुपाच्या डब्यावर ‘शुद्ध तूप’ बरोबर लिहिता येते. चहाच्या गाड्यावर ‘गरम चहा’ कधीच चुकत नाही. ‘ताजा चहा’ लिहायचा झाला तर चहा पुल्लिंगी की हिंदीतल्या चायसारखा स्त्रीलिंगी, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

नियम सोपा असला तरी त्याला दोन कडा आहेत. पहिली कड ‘ई’ने संपणाऱ्या शब्दांची. ‘पिवळी हळद’ आणि ‘राजापुरी हळद’ हे दोन्ही शब्दप्रयोग सांगलीच्या बाजारात रोजचे. दोन्ही विशेषणे ‘ई’कारान्त दिसतात. पण ‘पिवळी’ हे ‘पिवळा’चे स्त्रीलिंगी रूप आहे आणि ‘राजापुरी’ हे जन्मतःच तसे आहे. फरक ओळखायचा तर पुढे ‘फेटा’ हा शब्द ठेवून पाहावा. पिवळी हळद, पिवळा फेटा : बदलले, म्हणून विकारी. केशरी साडी, केशरी फेटा : बदलले नाही, म्हणून अविकारी. रेशमी, सुती, देशी, गुलाबी, तपकिरी ही सारी ‘केशरी’च्या रांगेत बसतात. ‘केशरी साड्या’ लिहिणाऱ्याने ‘केशऱ्या साड्या’ करण्याचा मोह धरू नये.

दुसरी कड उलटी आहे. काही विशेषणे ‘आ’ने संपतात आणि तरी बदलत नाहीत. ‘जादा’ हे त्यांतले रोजचे. जादा कर, जादा रक्कम, जादा पैसे. ‘जादी रक्कम’ कोणी म्हणत नाही. अपूर्णांकांत ‘सवा’ तसाच : सवा रुपया, सवा एकर. पाव, पाऊण, दीड, अडीच हेही बदलत नाहीत. त्या सर्वांत ‘अर्धा’ मात्र बदलतो : अर्धा तास, अर्धी भाकरी, अर्धे पोते. याउलट ‘ताजा’ हाही फारसीतून आलेला शब्द, पण मराठीने त्याला आपले वळण लावले. हिंदी वर्तमानपत्रांत ‘ताज़ा ख़बर’ असते, मराठीत बातमी ‘ताजी’च असावी लागते. परका शब्द आहे म्हणून तो अविकारी असेल असे गृहीत धरून चालत नाही.

आणि मग ‘पूर्वेकडील’. मराठीत एकच अर्थ सांगणारी दोन प्रकारची विशेषणे तयार होतात. एक ‘चा’ किंवा ‘ला’ लावून : पूर्वेकडचा, खालचा, वरचा, गावातला. ही विकारी. दुसरी ‘ईल’ लावून : पूर्वेकडील, खालील, वरील, गावातील. ही अविकारी. अर्थात भेद नाही. भेद आहे तो पोशाखात. ‘चा’ घरच्या कपड्यात असतो, ‘ईल’ कचेरीच्या. अर्ज, सूचना, परिपत्रक, करारनामा लिहायला बसले की माणूस आपोआप ‘खालचा’ सोडून ‘खालील’ घेतो, कारण ते भारदस्त वाटते. भारदस्तपणाची किंमत मात्र त्याला ठाऊक नसते. ‘खालचा अर्ज’ म्हटले की अर्ज एक, ‘खालचे अर्ज’ म्हटले की अनेक. ‘खालील अर्ज’ म्हटले की संख्या नाहीशी झाली. अर्ज हे नाम मुके, आणि त्याच्या वतीने बोलणारे विशेषणही मुके. बँकेच्या पत्रांत ‘खालील चेक परत’ अशी ओळ असते. खाली एकाच चेकचा क्रमांक असेल तर ठीक, पण दुसरे पान गळाले असेल तर वाचणाऱ्याला ते गळाल्याचा संशयही येणार नाही. ‘खालचे चेक’ लिहिले असते आणि खाली एकच क्रमांक दिसला असता, तर त्याने दुसरे पान मागितले असते.

आजोबांनी टिपणी लिहिताना हेच केले. रोजच्या बोलण्यात ते ‘पूर्वेकडचा प्लॉट’ किंवा ‘पूर्वेकडचे प्लॉट’ म्हणत असणार. त्यांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यातून आकडा कळत असणार. कागद गंभीर, म्हणून भाषाही गंभीर हवी, असे वाटून त्यांनी ‘पूर्वेकडील’ लिहिले. प्लॉट न बदलणारे नाम, पूर्वेकडील न बदलणारे विशेषण. दोघांनीही साक्ष द्यायचे नाकारले. पश्चिमेकडील ओळीत हाच दोष आहे, फक्त तेथे जमीनच एक असल्याने तो उघडा पडला नाही.

तरीही एक साक्षीदार उरला असता, तो म्हणजे क्रियापद. ‘पूर्वेकडील प्लॉट थोरल्यास द्यावा’ म्हटले तर एक. ‘द्यावेत’ म्हटले तर दोन. मराठी वाक्यात संख्या दोन-तीन ठिकाणी नोंदलेली असते, म्हणून एक नोंद पुसली तरी दुसरी सापडते. पण टिपणी, यादी, पावती, पाटी यांत क्रियापद नसतेच. व्यापारी माणूस थोडक्यात लिहितो आणि थोडक्यात लिहिण्यात सर्वांत आधी क्रियापद जाते. त्याच कागदात विशेषण अविकारी आणि नाम मुके असले की तिन्ही दारे बंद.

कोणी म्हणेल की नामाला विभक्तीचा प्रत्यय लावून वाक्य फिरवले असते तर? म्हणजे ‘पूर्वेकडच्या प्लॉटवर थोरल्याचा हक्क’ असे. येथे उलटीच गंमत होते. नामाला प्रत्यय लागला की विकारी विशेषणाची सारी रूपे गळून एकच उरते. जुन्या रुपयाचा, जुन्या नोटेचा, जुन्या नाण्याचा. जुन्या रुपयांचा, जुन्या नोटांचा, जुन्या नाण्यांचा. सहाही ठिकाणी ‘जुन्या’. विशेषण या वेळी गप्प बसते आणि संख्या सांगण्याची पाळी नामावर येते. नाम ती एका टिंबाने सांगते : रुपयाचा एक, रुपयांचा अनेक. म्हणजे प्रत्यय नसताना ज्या नामाला बोलता येत नव्हते तेही प्रत्यय लागताच बोलते : रुमालात, रुमालांत, चेकवर, चेकांवर. पण ते सगळे बोलणे त्या एका टिंबावर उभे असते, आणि टिंब हे घाईच्या हाताने सर्वांत आधी सुटते. 1962 नंतरही हे टिंब नियमाने आवश्यक आहे, कारण ते अनेकवचनाचे आहे. अनुस्वार गेले असे ऐकून कित्येकांनी हेही काढून टाकले. शिवाय ‘प्लॉट’सारख्या इंग्रजी शब्दांचे ‘प्लॉटांवर’ असे रूप पुष्कळांना अवघडल्यासारखे वाटते आणि ते दोन्ही अर्थी ‘प्लॉटवर’च लिहितात. तेव्हा वाक्य फिरवून आजोबांची अडचण सुटली असती असे नाही.

टिपणीत आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे : ‘थोरल्यास’. हे विशेषणच, पण नामासारखे वापरलेले. ‘थोरल्यास’ म्हटले की एक व्यक्ती, आणि वडील मुलाविषयी लिहीत आहेत म्हणून एकेरी. हीच वही पुतण्याने लिहिली असती तर त्याने ‘थोरल्यांस’ लिहिले असते, आणि ते अनेकवचन संख्येचे नसून आदराचे असते. घरात ‘थोरले काका आले’ म्हणतात तेव्हा काका एकच असतात. ‘काका’ हा शब्द ‘आ’काराने संपत असूनही बदलत नाही, नात्याच्या शब्दांना, दादा, मामा, आजोबा यांना, ‘आंबा-आंबे’चा नियम लागू नाही. मान दाखवायचा तो ‘थोरला’चा ‘थोरले’ करून आणि क्रियापदातून. ‘थोरला काका’ आणि ‘थोरले काका’ यांत व्यक्ती तीच, पण बोलणाऱ्याचे वळण कळते. स्त्रीलिंगात ‘थोरल्या काकू’. लग्नपत्रिकेत मात्र पुन्हा कचेरीचा पोशाख येतो आणि ‘थोरला’च्या जागी ‘ज्येष्ठ’, ‘धाकटा’च्या जागी ‘कनिष्ठ’ बसतो : ज्येष्ठ चिरंजीव, कनिष्ठ कन्या. हे दोन्ही अविकारी, म्हणून आदरही त्यांच्या रूपात दिसत नाही. पत्रिकेत तो ‘श्री.’ आणि ‘सौ.’ सांभाळतात, त्यामुळे बिघडत काही नाही.

तिघा भावांचे पुढे काय व्हावे? थोरला म्हणेल की बाबा नेहमी ‘पूर्वेकडचे’ असेच म्हणायचे. मधला म्हणेल की मला ‘पूर्वेकडचा’ असे आठवते. कागदाने जे सांगितले नाही ते आठवणीने सिद्ध करण्याचा हा प्रयत्न, आणि आठवणीतल्या मात्रेवर एक प्लॉट अवलंबून. दुकानाच्या ओळीत निदान आजोबांच्या बोलीचा आधार घेता येतो : त्यांच्या इतर वह्या काढाव्यात, तेथे एका दुकानाविषयी लिहिताना त्यांनी ‘नवी दुकान’ लिहिले आहे का ते पाहावे. नवे दुकान एकच होते. तेथेही ‘नवी’ सापडली, तर ‘जुनी दुकान’ म्हणजे एक दुकान, ही बाजू बळकट होते. तेथे ‘नवे दुकान’ सापडले, तर धाकट्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. पहिल्या ओळीसाठी असा उपाय नाही. ‘पूर्वेकडील’ हजार वेळा सापडले तरी ते प्रत्येक वेळी तसेच असणार.

असा कागद जो कोणी आज लिहायला बसेल, त्याने भाषेवर इतका भार टाकूही नये. जमिनीला गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक असतो, क्षेत्रफळ असते, चतुःसीमा असतात. ते लिहिले की विशेषण चुकले तरी जमीन चुकत नाही. तरी ज्या कागदावर हे सारे येत नाही, अशी माल मागवण्याची चिठ्ठी, गोदामाची यादी, कारागिराला दिलेली सूचना, तेथे लिहिणाऱ्याने एकदा नामाकडे पाहावे. ‘पांढरे रुमाल पाठवावेत’ यात काही कमी नाही. ‘लाल रुमाल’ एवढेच लिहिले, तर रुमाल कळले, रंग कळला, किती ते कळले नाही. तेथे आकडा घातल्याशिवाय चिठ्ठी देऊ नये. दोन वस्तूंना एकच विशेषण लावतानाही हेच. ‘जुनी बरणी आणि डबा’ यात ‘जुनी’ हे रूप बरणीचे आहे. डबाही जुनाच द्यायचा असेल तर ‘जुनी बरणी आणि जुना डबा’ असे लिहावे लागते, एका शब्दाची काटकसर तेथे परवडत नाही.

आजोबांची टिपणी त्यांच्या शब्दांत, त्यांच्या लांबीची ठेवून पुन्हा लिहायची झाली आणि त्यांच्या मनात पूर्वेचे दोन्ही प्लॉट व एकच दुकान होते असे धरले, तर ती अशी झाली असती :

पूर्वेकडचे दोन्ही प्लॉट थोरल्यास.
पश्चिमेकडचा प्लॉट मधल्यास.
जुने दुकान, कोपऱ्यावरचे, धाकट्यास.